पावतीचा तुकडा शेवटपर्यंत आपल्या हातात: स्टेशनबाहेरच्या प्रीपेड बूथचे गणित

सातारा रेल्वे स्थानक गावात नाही. ते माहुलीच्या बाजूला, पोवई नाक्यापासून सहा-सात किलोमीटरवर आहे, आणि मुंबईहून कोल्हापूरकडे जाणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस तिथे थांबते तेव्हा सारे गाव गाढ झोपेत असते. त्या वेळी गाडीतून उतरणाऱ्या माणसांकडे पाहिले, तर त्यांचे दोन प्रकार सहज ओळखू येतात. एक सातारकर. त्याला अंतर ठाऊक असते, नेहमीचे भाडे ठाऊक असते, आणि अगदीच जमले नाही तर घरून कोणाला तरी मोटारसायकल घेऊन बोलावता येईल हेही ठाऊक असते. दुसरा परगावचा माणूस. त्याला यातले काहीच ठाऊक नसते आणि ते ठाऊक नाही हे रिक्षावाल्याला पहिल्या वाक्यातच कळते. दोघांनीही “किती घेणार?” असेच विचारले, तरी पहिल्याचा तो सौदा असतो आणि दुसऱ्याची ती विनंती असते.

आपण सातारकर दिल्ली, मुंबई किंवा बेंगळुरूच्या स्टेशनवर उतरतो, तेव्हा त्या दुसऱ्या माणसाच्या जागी आपण असतो. स्टेशनबाहेरचे प्रीपेड बूथ नेमक्या या परिस्थितीसाठी असतात. तरीही अनेक जण त्या खिडकीशी जात नाहीत, किंवा जातात, पैसे भरतात, पावती घेतात आणि तिचा उपयोग ठाऊक नसल्याने ती पहिल्याच मिनिटाला चालकाच्या हाती देऊन मोकळे होतात. मी एस.टी.त वाहक म्हणून आणि नंतर वाहतूक नियंत्रक म्हणून नोकरी केली, त्यामुळे तिकिटाचा कागद कोणाच्या हातात आहे याकडे माझे लक्ष आपोआप जाते. प्रीपेडच्या व्यवस्थेत तर सगळे बळ त्या कागदातच आहे.

गेल्या वर्षी माझा पुतण्या स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी दिल्लीला निघाला. गोवा एक्स्प्रेस साताऱ्यात रात्री थांबते आणि वाटेत आणखी एक रात्र काढून हजरत निजामुद्दीनला पोहोचते. जुन्या राजिंदर नगरात खोली ठरली होती. दोन बॅगा, एक पुस्तकांचे खोके आणि आईने दिलेला डबा एवढे सामान होते. निघण्याआधी आम्ही दोघांनी बसून त्या शेवटच्या बारा किलोमीटरचा हिशेब कागदावर मांडला. तोच हिशेब इथे उलगडून सांगतो, कारण तो समजला की बाकीची व्यवस्था आपोआप समजते.

रिक्षाचे भाडे ही चालकाच्या मर्जीची बाब नसते. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार भाड्याचे दर ठरवण्याचा अधिकार राज्य शासनाला आणि त्याच्या परिवहन प्राधिकरणांना आहे. आपल्याकडे जिल्ह्यात हे काम जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील प्रादेशिक परिवहन प्राधिकरण करते. दर जाहीर असतात. मुंबईत १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचे किमान भाडे २६ रुपये आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे ३१ रुपये झाले, तेव्हा ते वर्तमानपत्रांत छापूनही आले. दिल्लीत जानेवारी २०२३ मध्ये ठरलेल्या दराप्रमाणे रिक्षाच्या पहिल्या दीड किलोमीटरला ३० रुपये आणि पुढच्या प्रत्येक किलोमीटरला ११ रुपये होतात, आणि रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळेत त्यावर पंचवीस टक्के अधिक द्यावे लागतात.

निजामुद्दीन ते जुने राजिंदर नगर हे अंतर आम्ही ढोबळमानाने १२ किलोमीटर धरले. पहिल्या दीड किलोमीटरचे ३० रुपये. उरलेल्या साडेदहा किलोमीटरचे अकराच्या दराने ११५ रुपये ५० पैसे. एकूण १४५ रुपये ५० पैसे. सामानाचे आणि बूथच्या सेवेचे थोडे शुल्क त्यात मिळवायचे. गाडी वेळेवर आली तर उजाडलेले असते, त्यामुळे रात्रीचा दर लागू होत नाही. म्हणजे बूथच्या खिडकीत सांगितलेला आकडा दीडशेच्या आसपास असायला हवा, हे पुतण्याला साताऱ्यातच कळले होते. फलाटाच्या तोंडाशी कोणी “चारशे” म्हणाले असते, तर त्या आकड्याचा मूळ भाड्याशी काहीही संबंध नाही हे ओळखण्यासाठी त्याला दिल्ली ठाऊक असण्याची गरज नव्हती.

इथे एक साहजिक शंका येते. दर ठरलेले आहेत आणि रिक्षाला मीटर आहे, तर मग बूथ कशाला? मीटर लावायला सांगितले की झाले. याचे एक उत्तर असे की स्टेशनबाहेर उभी असलेली रिक्षा नवख्या प्रवाशासाठी मीटर टाकायला सहसा तयार होत नाही. हे सर्वांना माहीत आहे. पण मीटर टाकला तरी एक गोष्ट उरतेच, आणि माझ्या मते ती जास्त महत्त्वाची आहे. मीटर दर पक्का करतो, अंतर पक्के करत नाही. रस्ता चालकाच्या हातात असतो आणि नवख्याला रस्ता कळत नाही. बाराच्या जागी सोळा किलोमीटर फिरवले, तर वरच्याच दराने भाडे १८९ रुपये ५० पैसे होते. चार किलोमीटरच्या फेऱ्याने चालकाला ४४ रुपये जास्त मिळाले, मीटर प्रामाणिक राहिला आणि प्रवाशाला तक्रार करायला जागाही उरली नाही.

ठरलेल्या भाड्यात हेच गणित उलटे होते. रक्कम आधीच ठरलेली असल्यामुळे चार किलोमीटरचा फेरा चालकाला परवडत नाही, कारण त्याचा गॅस आणि त्याचा वेळ त्याच्याच खिशातून जातो. जवळचा रस्ता धरणे हे आता त्याच्याही हिताचे ठरते. प्रवाशाला दिल्लीचा नकाशा पाठ असावा लागत नाही आणि मोबाईलवर निळ्या रेषेकडे डोळे लावून बसावेही लागत नाही. मीटरच्या प्रवासात प्रवासी आणि चालक यांचे हित परस्परविरोधी असते, तर ठरलेल्या भाड्यात, निदान रस्त्यापुरते, ते एका दिशेला येते. बूथने नवख्या माणसाला दिलेले खरे संरक्षण हे आहे, आणि स्वस्ताई हा त्याचा दुय्यम परिणाम आहे.

आमच्या एस.टी.त हे फार जुने आहे. तिथे भाडे टप्प्यावर चालते. सहा किलोमीटरचा एक टप्पा, आणि साताऱ्याहून अमुक गाव किती टप्पे हे तक्त्यात लिहिलेले. गाडी कोणत्या कारणाने वळण घेऊन गेली म्हणून वाहक प्रवाशाकडून जास्त पैसे मागू शकत नाही. प्रीपेड बूथच्या खिडकीमागेही असाच एक तक्ता असतो. स्टेशनपासून प्रत्येक वस्तीचे अंतर एकदा मोजून, त्याला सरकारी दर लावून, वस्तीच्या नावापुढे रक्कम भरून ठेवलेली असते. पूर्वी तो पुठ्ठ्यावर चिकटवलेला असे, आता बहुतेक ठिकाणी संगणकात असतो. खिडकीतला माणूस तुमच्याकडे पाहून आकडा काढत नाही. तुम्ही सांगितलेले नाव तो तक्त्यात शोधतो.

म्हणूनच नाव चुकले तर सगळेच चुकते. राजिंदर नगराच्या बाबतीत ही चूक फार सोपी आहे. जुने राजिंदर नगर वेगळे, नवे राजिंदर नगर वेगळे, राजेंद्र प्लेस हे मेट्रोचे स्थानक वेगळे, आणि शहराची हद्द ओलांडून उत्तर प्रदेशात साहिबाबादजवळ एक राजेंद्र नगर आहे ते तर पारच वेगळे. आपल्याकडे याची कल्पना यायला क्षेत्र माहुली आणि संगम माहुली आठवावी. नाव एकच, पण मध्ये कृष्णा वाहते. सातारच्या सदर बाजारात वाढलेल्या मुलाने दिल्लीत नुसते “सदर बाजार” म्हटले, तर त्याला कुठे नेऊन सोडतील ते वेगळेच. त्यामुळे खिडकीत वस्तीचे पूर्ण नाव, त्यापुढे जवळची ओळखीची खूण, शक्यतो मेट्रोचे स्थानक किंवा मोठे रुग्णालय, असे दोन्ही सांगावे, आणि पावती हातात आल्यावर त्यावर तेच छापले आहे की नाही हे खिडकीपासून हलण्यापूर्वी वाचावे. पुतण्याने “जुने राजिंदर नगर, करोल बाग मेट्रोजवळ” असे कागदावर हिंदीत लिहूनच नेले होते. मला ते जरा जास्तच वाटले होते, पण थकलेल्या माणसाच्या तोंडी अर्धेच नाव येते, हे त्याचे म्हणणे खरे होते.

आता पावतीकडे येऊ. दिल्लीतील रेल्वे स्थानकांवरचे प्रीपेड बूथ चालवण्याचे काम तिथल्या वाहतूक पोलिसांनी पाहिलेले आहे, आणि त्यांची मूळ पद्धत अशी आहे. प्रवासी खिडकीत ठिकाण आणि सामान सांगतो, पूर्ण रक्कम तिथेच भरतो आणि पावती घेतो. पावतीवर तारीख, वेळ, ठिकाण, रक्कम आणि त्याला मिळणाऱ्या वाहनाचा क्रमांक असतो. तो त्या वाहनात बसतो. ठिकाणी पोहोचल्यावर तो पावतीचा चालकाचा भाग चालकाला देतो. चालक तो भाग बूथवर परत नेतो, तिथे जमा करतो आणि आपले पैसे घेतो.

या साखळीत पैसे कोठे आहेत ते नीट पाहावे. प्रवासाच्या सुरुवातीला ते प्रवाशाकडून सुटलेले आहेत, पण चालकाकडे पोहोचलेले नाहीत. ते मध्ये, बूथकडे आहेत. बैलाच्या सौद्यात बैल दावणीला पोहोचेपर्यंत रक्कम पंचाकडे ठेवावी, तसा हा प्रकार आहे. चालकाला ठाऊक असते की पैसे सुरक्षित आहेत आणि प्रवासी उतरून पळून जाणार नाही. प्रवाशाला ठाऊक असते की आपल्याला दारात सोडल्याशिवाय चालकाला त्यातला एक रुपयाही मिळणार नाही. ज्या क्षणी प्रवासी तो तुकडा देतो, त्या क्षणी पंच बाजूला होतो. म्हणून तो तुकडा म्हणजे रोख रक्कमच समजावी. पाकिटातल्या पाचशेच्या नोटेची जेवढी काळजी घेऊ, तेवढी त्याची घ्यावी आणि सामान उतरेपर्यंत तो हातातून सोडू नये.

पुतण्याच्या बाबतीत परीक्षा बसताक्षणीच झाली. बॅगा चढवून झाल्यावर चालकाने हात पुढे केला आणि “पर्ची दे दो, गेट पे दिखानी है” असे म्हटले. हे मागणे दरवेळी लबाडीचे असतेच असे नाही. काही स्थानकांवर बाहेर पडताना पावती खरोखर तपासतात आणि काही पावत्यांना त्यासाठी वेगळा भाग असतो. पण दाखवणे आणि देणे या दोन गोष्टी आहेत. पुतण्याने “मैं दिखा दूँगा” असे सांगून पावती खिशात ठेवली. चालक काही न बोलता निघाला. वाटेत कोणी पावती मागितली नाही. चालकाने ती आधीच घेतली असती तर काय झाले असते, हे सांगता येत नाही. कदाचित काहीच झाले नसते. पण ती देऊन बसलेल्या प्रवाशाला “पुढे रस्ता बंद आहे, इथून चालत जा” असे म्हटले गेले, तर त्याच्याकडे उत्तर म्हणून दाखवायला काहीच उरत नाही, आणि ती खिशात असलेल्या प्रवाशाला असे म्हणण्यात चालकाचाच तोटा असतो.

सगळीकडे हीच पद्धत नसते, आणि इथे बऱ्याच जणांचा घोटाळा होतो. काही शहरांत, विशेषतः रिक्षांच्या बूथवर, खिडकीत फक्त एक-दोन रुपयांचे, किंवा असेच किरकोळ, सेवाशुल्क घेतात आणि भाड्याची रक्कम छापलेली चिठ्ठी देतात. भाडे मात्र उतरताना थेट चालकाला द्यायचे असते. दिल्लीच्या सवयीचा माणूस अशा ठिकाणी “मी पैसे भरले आहेत” म्हणून चालकाशी वाद घालतो, आणि या दुसऱ्या पद्धतीच्या सवयीचा माणूस पूर्ण रक्कम भरूनही चालकाने मागितले म्हणून पुन्हा देऊन बसतो. खिडकीत आपण किती पैसे दिले, एवढे आठवले तरी कोणती पद्धत आहे ते कळते. तरीही खिडकीतच “चालकाला आणखी काही द्यायचे आहे का?” असे विचारून घ्यावे. दुसऱ्या पद्धतीत मध्ये पंच नसतो, पण आकडा छापील असतो आणि वाहनाचा क्रमांक नोंदलेला असतो, त्यामुळे घासाघीस आणि लांबचा फेरा या दोन्हींपासूनचे संरक्षण तिथेही कायम राहते.

वाहनाच्या क्रमांकाबद्दल थोडे सांगायला हवे, कारण त्याकडे कोणी बघत नाही. पावतीवर जो क्रमांक आहे त्याच वाहनात बसावे. रांगेतला दुसरा चालक “तीच गाडी आहे, बसा” म्हणाला तरी खिडकीशी परत जाऊन क्रमांक बदलून घ्यावा. भाड्यापुरते पाहिले तर कोणतीही रिक्षा सारखीच. पण कोणत्या वेळी, कोणत्या ठिकाणासाठी, कोणत्या वाहनात प्रवासी बसला याची बूथवर राहणारी नोंद ही त्या व्यवस्थेची दुसरी देणगी आहे. बॅग रिक्षात राहिली तर शोधायला तीच उपयोगी पडते, आणि पहाटे एकटी उतरलेली मुलगी पावतीचा फोटो घरी पाठवते तेव्हा त्या फोटोला अर्थ असतो तो या नोंदीमुळेच. दुसऱ्याच वाहनात बसले की पावतीवरची ती नोंद निकामी होते.

बूथ खरा कसा ओळखायचा? स्टेशनातून बाहेर येताना फलाटापासूनच काही माणसे “प्रीपेड, प्रीपेड” म्हणत सोबत चालू लागतात, हातात पावतीपुस्तकही असते. खरा बूथ चालत येत नाही. तो एका जागी असतो, त्याला खिडकी असते, चालवणाऱ्या यंत्रणेचे नाव असते, बहुधा दरफलक असतो आणि पैसे खिडकीच्या आत जातात, बाहेर उभ्या माणसाच्या हातात नाही. त्या चालत्या माणसांशी बोलण्याचेही कारण नाही. बूथ सापडत नसेल तर रेल्वे पोलिसाला किंवा फलाटावरच्या हमालाला विचारावे. निजामुद्दीनला तर दोन बाजूंनी बाहेर पडता येते, एक मुख्य प्रवेशाची बाजू आणि दुसरी सराय काले खाँची. सामान घेऊन पुलावर चढण्याआधीच बूथ कोणत्या बाजूला आहे हे विचारले, तर तो जिना दोनदा चढावा लागत नाही.

बूथचा आणखी एक फायदा असा की त्या शहरात कोणते वाहन कोठे जाऊ शकते, हे आपल्याला शोधत बसावे लागत नाही. आपल्याकडचे कितीतरी लोक मुंबईत टाटा रुग्णालयाकडे जायला दादरला उतरतात आणि रिक्षा शोधू लागतात. मुंबईत रिक्षा पश्चिमेला वांद्र्यापर्यंत आणि पूर्वेला शीवपर्यंतच येतात. त्याच्या दक्षिणेला टॅक्सीच. दिल्लीतही शहराची हद्द ओलांडून नोएडा किंवा गुरुग्रामला जायचे असेल, तर प्रत्येक रिक्षाला त्याचा परवाना असतोच असे नाही. बूथवर विचारले की हे खिडकीतच कळते, अर्ध्या रस्त्यात कळत नाही.

मात्र या व्यवस्थेच्या मर्यादाही स्पष्ट आहेत, आणि त्या लपवून बूथची शिफारस करणे योग्य होणार नाही. तक्त्यातले अंतर वस्तीच्या एका ठरलेल्या बिंदूपर्यंतचे असते. तुमचे घर वस्तीच्या पार टोकाला, आणखी दीड किलोमीटर पुढे असेल, तर चालकाने थोडे अधिक मागणे अन्यायाचे नाही. म्हणून खिडकीत खूण सांगण्याला महत्त्व आहे. वाटेत एका ठिकाणी थांबून किल्ली घ्यायची असेल, तर ते भाड्यात बसत नाही. तेही आधीच सांगावे. ठरलेले भाडे वाहतूक कोंडीचा विचार करत नाही. सकाळी सहाला पाऊण तासापेक्षा कमी लागणाऱ्या रस्त्याला संध्याकाळी सातला दुप्पट वेळ लागतो आणि रक्कम मात्र तीच राहते. अशा वेळी चालकाची चिडचिड होते आणि तो वाटेत वरकड मागतो. पावतीवर नसलेली रक्कम देणे आपल्यावर बंधनकारक नाही, पण त्याच्या मागण्यामागे प्रत्येक वेळी लबाडीच असते असेही मी म्हणणार नाही.

चालक अशा रांगेत येतात तरी का, असा प्रश्न त्यामुळे पडतो. त्यांना तिथे भाडे शोधावे लागत नाही, स्टेशनच्या आवारात उभे राहण्याची जागा मिळते, घासाघीस करावी लागत नाही आणि पैसे बुडत नाहीत. या बदल्यात ते नवख्या प्रवाशाकडून काढता येणाऱ्या जादा पैशांवर पाणी सोडतात. जिथे बूथवरून पैसे मिळायला उशीर होतो, किंवा सरकारी दर वर्षानुवर्षे वाढत नाही, तिथे हा सौदा चालकाला परवडेनासा होतो, आणि मग बूथ उघडा पण रांग रिकामी असे चित्र दिसते. खिडकीत “गाडी नाही, थांबा” असे सांगतात आणि दहा पावलांवर चार रिक्षा उभ्या असतात, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. अशा वेळी पैसे भरण्यापूर्वीच गाडी आहे का ते विचारावे. पैसे भरल्यावर नेमून दिलेल्या चालकाने जाण्यास नकार दिला, तर त्याच्याशी हुज्जत न घालता खिडकीशी परत यावे आणि दुसरी गाडी किंवा पैसे मागावेत. परवानाधारक वाहनाने भाडे नाकारणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १७८ खाली गुन्हा आहे, आणि तक्रारीसाठी लागणारा क्रमांक, वेळ आणि ठिकाण हे तिन्ही त्या पावतीवर आयते छापलेले असतात.

एका गोष्टीपासून मात्र बूथ वाचवू शकत नाही. भाडे ठरलेले असले तरी चालकाला दुसरीकडून मिळू शकणारे पैसे ठरलेले नसतात. “तुम्ही सांगता ते हॉटेल बंद पडले, मी चांगल्या ठिकाणी नेतो” हे वाक्य प्रीपेडच्या रिक्षातही ऐकू येते, कारण त्या दुसऱ्या हॉटेलातून त्याला दलाली मिळते. यावर उपाय पावतीत नाही. उतरण्याच्या ठिकाणी आधी फोन करून ठेवणे आणि चालकाच्या देखत पुन्हा एकदा बोलणे, एवढाच तो आहे. पुतण्याने घरमालकाला रिक्षातूनच फोन लावला आणि “अर्ध्या तासात पोहोचतो” असे सांगितले.

मोबाईलवरून टॅक्सी बोलावण्याची सोय असताना या खिडकीची गरज उरली आहे का, असे तरुण मंडळी विचारतात. तिथेही रक्कम आधी दिसते हे खरे. पण ती मागणीप्रमाणे वरखाली होते. पाऊस आला, एकाच वेळी दोन गाड्या आल्या की वाढते. बूथचा आकडा पावसाने वाढत नाही. शिवाय दोन रात्रींच्या प्रवासानंतर मोबाईलची बॅटरी संपलेली असणे, आणि चालकाने “मागच्या गेटला या” म्हटल्यावर मागचे गेट कोणते ते न कळणे, या अडचणी साध्या असल्या तरी नवख्यासाठी मोठ्या आहेत. ज्याला शहर ठाऊक आहे त्याने मोबाईल वापरावा. पहिल्यांदा येणाऱ्या, विशेषतः वयस्कर माणसाने, रांगेत दहा मिनिटे उभे राहावे असे मला वाटते.

जिथे बूथ नाही किंवा बंद आहे, तिथे त्याचे निम्मे काम आपण शब्दांनी करू शकतो. बूथ जे प्रश्न खिडकीत विचारतो तेच आपण बसण्यापूर्वी विचारायचे. आपल्या भागात त्यातला पहिला प्रश्न “सीटवर की स्पेशल?” हा आहे. शेअर रिक्षाचे माणशी भाडे सांगितले आणि प्रवाशाने ते अख्ख्या रिक्षाचे समजले, किंवा याच्या उलट झाले, तर उतरताना होणारा वाद दोघांनाही खरा वाटतो, कारण दोघेही आपापल्या परीने खरेच बोलत असतात. त्यानंतर ठिकाण पूर्ण नावाने, सामान त्यात धरले आहे का, आणि रात्रीचे वेगळे काही आहे का. एवढे झाल्यावर एकच आकडा ठरवावा आणि तो मोठ्याने पुन्हा म्हणावा: “स्पेशल, तिघे, दोन बॅगा, शाहूपुरीत घरापर्यंत, सगळे मिळून इतके.” मग वाहनाचा क्रमांक घरी कळवावा, आणि ठरलेली रक्कम सुट्ट्या पैशांत वेगळी काढून ठेवावी, ती उतरल्यावर, सामान हातात आल्यावरच द्यावी. हे सगळे रिक्षा स्टेशनचे आवार सोडण्यापूर्वी व्हायला हवे, कारण तिथे अजून दुसरी रिक्षा उभी असते, आणि रात्री दोन वाजता गावाच्या वाटेवर ती नसते.